सी-आर्मच्या टेबलाभोवती

बाथरूममध्ये पाय घसरून आजींचं खुब्याचं हाड मोडलं, की पूर्वी घरात सन्नाटा पसरायचा. महिनोन्महिने अंथरूण, पाठीला जखमा आणि बहुतेकदा त्यातून न उठणं. आज तालुक्याच्या गावातल्या हॉस्पिटलमध्येसुद्धा दोन-चार दिवसांत ऑपरेशन होतं, हाडात रॉड बसतो आणि आजी वॉकर धरून उभ्या राहतात. यात मोठा वाटा आहे तो ऑपरेशन थिएटरमधल्या सी-आर्मचा. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकलेली ही लोखंडी कमान असते. एका टोकाला एक्स-रेची ट्यूब, समोरच्या टोकाला चित्र टिपणारा डिटेक्टर आणि दोहोंच्या मध्ये टेबलावर पेशंट. सर्जननं पायाखालचं पेडल दाबलं की मोडलेलं हाड, त्यात शिरणारी तार, पुढे सरकणारा स्क्रू हे सगळं पडद्यावर दिसू लागतं. त्यामुळे दोन-तीन इंचांच्या छेदातून काम भागतं.

पेडल दाबलेलं असतं तेव्हा त्या खोलीत सर्जनबरोबर त्यांचे असिस्टंट, अवजारं देणाऱ्या सिस्टर, भूलतज्ज्ञ, सी-आर्म हलवणारा टेक्निशियन आणि पेशंटचा पाय सांभाळणारे मामा उभे असतात. आजींना हे किरण एकदाच मिळणार आणि त्याच्या बदल्यात पाय परत मिळणार. बाकीच्यांना ते आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षं मिळत राहतात आणि त्यांच्या शरीराला त्याचा काहीच उपयोग नसतो. म्हणून हिशेब मांडायचा तो या माणसांचा.

एक्स-रे हे आयनीकारक किरण आहेत, म्हणजे अणूमधला इलेक्ट्रॉन उखडून काढण्याइतकी ताकद त्यांच्यात असते. पेशीतल्या डीएनएवर असा आघात झाला तर पेशी बहुतेक वेळा तो दुरुस्त करते, क्वचित दुरुस्ती चुकते. थोड्या मात्रेनं लगेच काहीच जाणवत नाही, पण कर्करोगाची शक्यता मात्रेबरोबर किंचित वाढते असं धरून सगळे नियम केलेले आहेत. मात्रा खूप मोठी झाली तर मात्र थेट इजा होते. त्वचा भाजल्यासारखी होते, केस गळतात, डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण नातेवाईक हमखास विचारतात. पेडलवरचा पाय उचलला, की त्या क्षणी किरण थांबतात. खोलीत, चादरीत, पेशंटच्या अंगात काहीही शिल्लक राहत नाही.

आता खरा प्रश्न. ट्यूबचं तोंड तर पेशंटकडे असतं. किरणांचा झोत खुब्यातून आरपार जाऊन समोरच्या डिटेक्टरवर पडतो. मग बाजूला उभ्या असलेल्या सिस्टरना काय मिळतं आणि ते कुठून येतं?

ते येतं पेशंटच्या शरीरातून. धुक्यात मोटारीचा दिवा लावला की उजेड फक्त पुढे जात नाही, सगळं धुकंच उजळतं आणि रस्त्याच्या कडेला उभ्या माणसालाही ते दिसतं. एक्स-रेचा झोत मांसातून आणि हाडातून जाताना तसाच विखुरतो आणि चहूबाजूंनी बाहेर पडतो. थिएटरमधल्या माणसांना मिळणारा जवळजवळ सगळा डोस हा या विखुरलेल्या किरणांचा असतो. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की वेळ, अंतर आणि आडोसा हे संरक्षणाचे तिन्ही उपाय पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचत जातात.

विखुरलेले किरण किती असतात याचा एक ढोबळ पण उपयोगी ठोकताळा आहे. पेशंटच्या त्वचेवर जितकी मात्रा पडते, तिच्या साधारण एक हजारांश मात्रा पेशंटपासून एक मीटरवर पोचते. खुब्यासारख्या जाड भागावर सी-आर्म चालू असताना त्वचेवर दर मिनिटाला २० मिलिग्रे पडतात असं उदाहरणादाखल धरू. (एक्स-रेच्या बाबतीत ग्रे आणि सिव्हर्ट हे आकडे इथल्या हिशेबापुरते सारखेच मानले तरी चालतात.) म्हणजे एक मीटरवर दर मिनिटाला २० मायक्रोसिव्हर्ट. एक हजार मायक्रोसिव्हर्ट म्हणजे एक मिलिसिव्हर्ट. तुलनेसाठी सांगायचं तर छातीच्या एका साध्या एक्स-रेत पेशंटला साधारण २० मायक्रोसिव्हर्टच मिळतात आणि जमीन, हवा, अन्न, आकाश यांतून प्रत्येक माणसाला वर्षाकाठी जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात.

आता माणसं उभी करू. अंतर दुप्पट झालं की किरण चौपट विरळ होतात, निम्मं झालं की चौपट दाट. सर्जनची छाती खुब्यापासून अर्ध्या मीटरवर आहे. त्यांना दर मिनिटाला ८० मायक्रोसिव्हर्ट. असिस्टंट एक मीटरवर, त्यांना २०. भूलतज्ज्ञ डोक्याच्या बाजूला दोन मीटरवर, त्यांना फक्त ५. आजींच्या ऑपरेशनमध्ये पेडल एकूण दोन मिनिटं दाबलं गेलं असं समजू. शिशाचा ॲप्रन कुणीच घातला नसता तर सर्जनना १६०, असिस्टंटना ४० आणि भूलतज्ज्ञांना १० मायक्रोसिव्हर्ट मिळाले असते. महिन्याला अशी १० ऑपरेशनं धरली तर वर्षाला सर्जनचे होतात १९.२ मिलिसिव्हर्ट, असिस्टंटचे ४.८ आणि भूलतज्ज्ञांचे १.२.

किरणांसोबत काम करणाऱ्यांसाठी आपल्याकडची मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवतं. त्याचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या वर जाता कामा नये आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जाता कामा नये. आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका वर्षापुरती ५० पर्यंत मुभा आहे, आपण ती आणखी आवळली आहे. म्हणजे ॲप्रनशिवाय काम करणारे आपले सर्जन, महिन्याला अवघी १० ऑपरेशनं करून, मर्यादेच्या उंबऱ्यावर येऊन उभे राहतात. त्याच खोलीतले, दीड मीटर मागे असलेले भूलतज्ज्ञ तिच्या आसपाससुद्धा नाहीत. मला या सगळ्या विषयातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. अंतराला पैसा लागत नाही, वजन नाही, देखभाल नाही. तरीही थिएटरमध्ये हात मोकळे असलेली माणसं, जिथे उभं राहायची सवय पडली आहे तिथेच उभी राहतात. सिस्टरनी अवजार देऊन झाल्यावर दोन पावलं मागे घेतली आणि टेक्निशियननं मशीन लावून झाल्यावर कमानीला टेकून न राहता तिच्या मागे जाऊन उभं राहायचं ठरवलं, तर त्यांचा डोस तिथल्या तिथे निम्म्याहून खाली येतो. सर्जनना हाताशी काम असल्यानं मागे जाता येत नाही. निदान तार आत घालून झाल्यावर फक्त पडताळणीसाठी चित्र घ्यायचं असेल, तेव्हा हात बाजूला काढून एक पाऊल मागे सरकणं त्यांनाही शक्य असतं.

अंतराइतकीच, कुठल्या बाजूला उभं राहायचं ही बाबही महत्त्वाची आहे आणि इथे अनुभवी माणसंही फसतात. झोत शरीरात शिरतो तेव्हा सर्वांत जोरकस असतो. आत जाता जाता तो शोषला जातो आणि खुब्यासारख्या भागातून पलीकडे पोचतो तो शंभरातला एखादा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. त्यामुळे सगळ्यात जास्त विखुरणं होतं ते झोत शिरतो त्या बाजूला, म्हणजे ट्यूबच्या बाजूला. पलीकडच्या अंगाला निघालेले विखुरलेले किरण पेशंटच्याच शरीरात बरेचसे अडतात. म्हणून सरळ चित्र घेताना ट्यूब टेबलाच्या खाली आणि डिटेक्टर वर ठेवायचा. मग विखुरलेले किरण मुख्यतः जमिनीकडे जातात. तीच कमान उलटी फिरवून ट्यूब वर आणली, तर ते सर्जनच्या छातीवर, मानेवर आणि डोळ्यांवर येतात. हाताच्या किंवा मनगटाच्या ऑपरेशनला काही जण सोयीसाठी डिटेक्टरचाच टेबल म्हणून वापर करतात आणि त्यात ट्यूब वर जाते. ते करण्याआधी कोणाच्या चेहऱ्याकडे किरण येणार आहेत हे पाहायला हवं.

खुब्याच्या ऑपरेशनमध्ये खरी अडचण येते ती आडव्या चित्राच्या वेळी. स्क्रू हाडाच्या डोक्यात नेमका मध्ये बसतोय का, हे वरून पाहून कळत नाही, बाजूनंही पाहावं लागतं. त्यासाठी कमान जवळजवळ आडवी होते आणि झोत टेबलावरून, सर्जनच्या कंबरेच्या उंचीवर आडवा जातो. खुबा बाजूनं अधिक जाड, त्यामुळे मशीन आपोआप किरण वाढवतं. अशा वेळी सर्जन डिटेक्टरच्या बाजूला आहेत की ट्यूबच्या बाजूला, यावर त्यांचा डोस कितीतरी पट बदलतो. कमान कोणत्या बाजूनं आत आणायची हे पेशंटला टेबलावर घेतानाच ठरवलं, तर पुढचं सगळं सोपं होतं. एकदा निर्जंतुक कापड अंथरल्यावर मशीन फिरवून घ्यायला कुणी धजत नाही.

वेळेचा उपाय वरवर अगदी उघड आहे, पेडल कमी वेळ दाबा. प्रत्यक्षात त्याला तंत्र आहे. पेडल दाबून धरून तार पुढे सरकवत राहिलं की सेकंद भराभर साठतात. पेडल टिचकीसारखं दाबून सोडलं, तर शेवटचं चित्र पडद्यावर तसंच थांबून राहतं. ते निवांत पाहावं, तार सरकवावी, पुन्हा एक टिचकी. दोन मिनिटांचं काम अशा रीतीनं मिनिटभरात होतं. बहुतेक यंत्रांत अखंड किरणांऐवजी दर सेकंदाला ठरावीक स्पंदनं सोडण्याचीही सोय असते. हलतं हृदय पाहायचं नसून स्थिर हाड पाहायचं असल्यानं सेकंदाला थोडी स्पंदनंही पुरतात. यंत्र नवीन घेतल्यावर कंपनीच्या माणसानं जी सेटिंग लावून दिली, तीच वर्षानुवर्षं चालू असते हे मात्र ठिकठिकाणी दिसतं. पाच मिनिटं साठली की बझर वाजतो. तो वाजला की कोणीतरी सवयीनं बंद करतं. त्याच वेळी आकडा मोठ्यानं सांगायची पद्धत टेक्निशियननं ठेवली, तर सर्जनच्या पायाला आपोआप लगाम बसतो.

याच्याच जोडीला झोताचा आकार आवळणं येतं. खुब्याचं डोकं पाहायचं असताना अर्धं ओटीपोट चित्रात घेण्याचं कारण नसतं. यंत्रातल्या शिशाच्या पडद्या सरकवून चित्र लहान केलं की शरीराचा कमी भाग उजळतो, विखुरणं घटतं आणि गंमत म्हणजे चित्रही जास्त स्वच्छ येतं. डिटेक्टर पेशंटच्या जितका जवळ आणि ट्यूब जितकी लांब, तितकं पेशंटच्या त्वचेवर कमी पडतं आणि पर्यायानं खोलीतही.

राहिला आडोसा. एक्स-रे विभागात तो भिंतीत आणि दारात बांधलेला असतो. नऊ इंची विटांची भिंत, शिशाचा पत्रा बसवलेलं दार, टेक्निशियनसमोर शिशाच्या काचेची खिडकी. वॉर्डात फिरतं मशीन नेतात तेव्हा भिंत नसते, म्हणून त्याच्या बटणाची वायर निदान दोन मीटर लांब असावी लागते, म्हणजे तिथे पुन्हा अंतरच कामी येतं. थिएटरमध्ये आडोसा अंगावर घालावा लागतो. ॲप्रनची जाडी शिशाच्या हिशेबात मोजतात. विखुरलेल्या किरणांपैकी साधारण ९० टक्के किरण ०.२५ मिलिमीटरचा ॲप्रन अडवतो आणि ०.५ मिलिमीटरचा ९५ टक्के किंवा त्याहून जास्त. आपल्या सर्जनचे १९.२ मिलिसिव्हर्ट ९५ टक्क्यांनी कमी केले की ०.९६ उरतात, एकाहूनही कमी. म्हणून पाच-सात किलोंचं ते ओझं तीन तास वागवायचं. गळ्यातली थायरॉइड कॉलरही तशीच. उकाड्यात सगळ्यात आधी तीच सैल होते.

ॲप्रनच्या बाबतीत दोन गोष्टी बिघडतात. पहिली, फक्त पुढून झाकणारा ॲप्रन घालून माणूस सामान घ्यायला पाठ फिरवतो आणि नेमकं तेव्हाच पेडल दाबलं जातं. ज्यांना सारखं वळावं लागतं त्या सिस्टर आणि टेक्निशियन यांना गुंडाळून घ्यायचा ॲप्रन द्यायला हवा. दुसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही. ॲप्रन घडी घालून स्टुलावर टाकला, की आतला शिसं मिसळलेला रबरी थर घडीच्या जागी तडकतो. वरचं कापड शाबूत राहतं आणि आतून भेग वाढत जाते. ती पाहायचा सोपा मार्ग त्याच खोलीत आहे. वर्षातून एकदा ॲप्रन टेबलावर पसरून सी-आर्मखाली पाहायचा. चांगला भाग पडद्यावर काळोखासारखा सलग दिसतो, भेग असेल तिथे उजळ रेघ उमटते. खांद्याजवळ आणि कंबरेच्या घडीवर ती आधी सापडते. ॲप्रनला नंबर देऊन तपासणीची तारीख लिहून ठेवली आणि जाड हँगरवर टांगला, तर तो अनेक वर्षं टिकतो.

शिशाचे हातमोजे मात्र जपून वापरायला हवेत. हात थेट झोतात घालायचा म्हणून कुणी मोजे घातले, तर यंत्राला वाटतं चित्र अंधारं झालं आणि ते किरण वाढवून उजेड बरोबर करू पाहतं. मोज्यातून मिळालेला फायदा बराचसा तिथेच जातो आणि पेशंटवरची मात्रा फुकट वाढते. झोतात हात घालायचाच नाही, पकडीनं धरायचं, हाच त्यावरचा उपाय. या विषयातल्या अगदी सुरुवातीच्या जखमा हातांच्याच आहेत. रोंटगेननं १८९५ मध्ये एक्स-रे शोधल्यावर एडिसनच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली हा त्याचा सहायक आपलाच हात झोतात धरून ट्यूब तपासायचा. त्याचे हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो कर्करोगानं गेला. त्या काळी मात्रा मोजायचं साधन काय होतं, तर त्वचा लाल होते का ते पाहणं.

आज ती मोजदाद छातीवरचा बॅज करतो आणि त्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. बॅज कुणाचं रक्षण करत नाही. किती मिळालं ते तो नंतर सांगतो आणि तेही नीट लावला असेल तरच.

भारतात हॉस्पिटलांत वापरतात तो टीएलडी बॅज उघडून पाहिला तर आत ॲल्युमिनियमची छोटी पट्टी असते आणि तिच्यावर तीन पांढुरक्या चकत्या बसवलेल्या असतात. त्या आहेत डिस्प्रोशियम या धातूचा अंश घातलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या, टेफ्लॉनमध्ये मिसळून दाबून केलेल्या. मोडलेल्या हाताला घालतात ते प्लास्टरही मूळचं कॅल्शियम सल्फेटच. या चकतीवर किरण पडले की त्यांची थोडी ऊर्जा स्फटिकात अडकून बसते. ती महिनोन्महिने तशीच राहते. प्रयोगशाळेत चकती जवळपास २८५ अंश सेल्सियसपर्यंत गरम नायट्रोजन वायूनं तापवली, की अडकलेली ऊर्जा मंद प्रकाशाच्या रूपात सुटते. तो प्रकाश मोजायचा, जितका प्रकाश तितका डोस. मोजून झालं की चकती पुसली जाते आणि पुन्हा वापरता येते. भाभा अणुसंशोधन केंद्रानं ही पद्धत देशभर बसवली आणि त्याच्या मान्यतेच्या प्रयोगशाळा हे काम करतात.

तीन चकत्या कशासाठी? प्लास्टिकच्या खोक्यात एका चकतीसमोर तांबं आणि ॲल्युमिनियमचा पडदा असतो, दुसरीसमोर प्लास्टिकचा, तिसरी उघडी. कमी ताकदीचे किरण धातूच्या पडद्यात अडकतात, जास्त ताकदीचे पार होतात. तिन्ही आकड्यांचं आपसातलं प्रमाण पाहून किरण कोणत्या जातीचे होते ते कळतं आणि डोसचा हिशेब त्यानुसार दुरुस्त होतो. म्हणून पट्टी खोक्यात उलटी घातली किंवा खोक्याशिवायच खिशात ठेवली, तर आलेल्या आकड्याला अर्थ राहत नाही.

बॅज लावायचा छातीच्या उंचीवर, ॲप्रनच्या आत. सर्वसाधारणपणे तीन महिने वापरायचा आणि नवीन आला की जुना पाठवायचा. प्रत्येक हॉस्पिटलाला एक जादा कंट्रोल बॅज मिळतो. तो कुणीही लावायचा नाही, किरणांपासून दूर ऑफिसात ठेवायचा आणि बाकीच्यांबरोबर परत पाठवायचा. निसर्गातून आणि प्रवासात जेवढं साठलं तेवढं त्याच्यावरून वजा करतात. तो एक्स-रेच्या खोलीतल्या कपाटात राहिला तर सगळ्यांच्याच आकड्यातून जास्त वजा होतं आणि खरा डोस दडतो.

आपल्या सर्जनचा बॅज तीन महिन्यांनी काय दाखवेल? ॲप्रनच्या आत असेल तर ३० ऑपरेशनांचे साधारण ०.२४ मिलिसिव्हर्ट. तोच चुकून ॲप्रनवर बाहेर लावला तर ४.८. शरीराला मिळालं तेवढंच, आकडा वीसपट. आता असं समजा, की ऑपरेशन संपल्यावर बॅज ॲप्रनलाच अडकून राहिला आणि ॲप्रन ज्या हूकला टांगला तो एक्स-रेच्या खोलीतच होता. दिवसभर तिथे पन्नास जणांचे एक्स-रे निघाले. बॅज सगळं मोजत राहिला आणि माणूस तिथे नव्हताच. तीन महिन्यांत १० मिलिसिव्हर्टहून जास्त आकडा आला की चौकशी सुरू होते. हॉस्पिटलच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला लेखी उत्तर द्यावं लागतं. कामाचा बोजा किती होता, बॅज कुठे ठेवत होते, बरोबरच्यांचे आकडे काय आहेत? एकाच टेबलावरच्या असिस्टंटचा आकडा शून्याजवळ आणि सर्जनचा १५ असेल, तर बॅज कुठेतरी पडून किरण खात होता हे जवळजवळ निश्चित. फारच मोठा आकडा आला आणि खुलासा होत नसेल, तर रक्त तपासून पेशींतल्या गुणसूत्रांमधली मोडतोड मोजता येते, कारण तिला खोटा बॅज फसवू शकत नाही.

उलटा दोष जास्त गंभीर, पण त्याची चौकशी कोणी करत नाही. वर्षानुवर्षं शून्य दाखवणारा बॅज हा बहुधा टेबलाच्या खणात असतो. ज्या सर्जनच्या यादीत महिन्याला ३० खुब्याची ऑपरेशनं आहेत त्यांचा आकडा सतत शून्य येत असेल, तर ती समाधानाची गोष्ट नाही. सेफ्टी ऑफिसरनं ऑपरेशनच्या वहीतली संख्या, पेडलची मिनिटं आणि बॅजचा आकडा हे तिन्ही शेजारी ठेवून पाहिले, तर हे एका बैठकीत कळतं. ज्याचा अंदाज काही टप्प्यांत मोजता येतो त्या गोष्टीसाठी बॅजच्या अहवालाची तीन महिने वाट पाहायची गरज नाही. आपण वर केला तसा हिशेब कागदावर मांडायला दहा मिनिटं लागतात.

गरोदर कर्मचाऱ्यांसाठी वेगळा नियम आहे. गरोदरपण कळवल्यापासून पुढच्या सगळ्या काळात गर्भाला एक मिलिसिव्हर्टहून जास्त मिळता कामा नये, म्हणजे सर्वसामान्य नागरिकाला वर्षाला जेवढी मर्यादा आहे तेवढीच. नियम कळवण्यापासून सुरू होतो, म्हणून लवकर सांगणाऱ्या सिस्टरची ड्यूटी कोणतीही कटकट न होता बदलली जाते असा विश्वास त्या हॉस्पिटलात असायला हवा. एक्स-रेच्या वेळी मूल धरायला आईला आत बोलावतात तेव्हाही आधी हाच प्रश्न विचारायचा आणि तिला ॲप्रन द्यायचा. रोज धरायला तोच एक वॉर्डबॉय उभा करणं मात्र चूक आहे, कारण आई एकदा धरते आणि तो वर्षभर धरतो.

ॲप्रनच्या आतल्या बॅजला न दिसणारा एक अवयव म्हणजे डोळा. डोळ्याच्या भिंगाला पूर्वी वाटत होतं त्याहून कमी मात्रेत इजा होते, हे लक्षात आल्यावर आंतरराष्ट्रीय किरण संरक्षण आयोगानं २०११ मध्ये काम करणाऱ्यांसाठी भिंगाची मर्यादा वर्षाला १५० वरून सरासरी २० मिलिसिव्हर्टपर्यंत खाली आणली. अँजिओप्लास्टी करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांच्या आणि कॅथलॅबमधल्या सिस्टरांच्या डोळ्यांच्या तपासणीत भिंगाच्या मागच्या बाजूला येणारा ढगाळपणा इतरांपेक्षा जास्त आढळला आहे. कॅथलॅबमध्ये पेडल मिनिटाऐवजी दहा-वीस मिनिटं दाबलेलं असतं, पण तिथे छताला टांगलेली शिशाची काच आणि टेबलाला लोंबणारा शिशाचा पडदा तरी असतो. ऑर्थोपेडिक थिएटरमध्ये बहुधा दोन्ही नसतात.

आपल्या सर्जनचा हिशेब इथे पुन्हा मांडून पाहू. डोळा छातीपेक्षा थोडा लांब असतो, म्हणून त्याला उघड्या छातीच्या निम्मं मिळतं असं धरलं, तर वर्षाला ९.६ मिलिसिव्हर्ट. ॲप्रनच्या आतला बॅज त्याच वर्षी ०.९६ दाखवतो आहे. ऑपरेशनं महिन्याला २० झाली की डोळ्याचा आकडा १९.२ वर जातो आणि बॅजवर जेमतेम १.९२ दिसतं. म्हणून सी-आर्मवर भरपूर काम करणाऱ्यांनी कॉलरच्या बाहेर, गळ्यापाशी दुसरा बॅज लावावा, अशी शिफारस आहे. आतला कोणता, बाहेरचा कोणता हे खोक्यावर ठळक लिहिलेलं असावं, नाहीतर महिन्याभरात अदलाबदल होते आणि दोन्ही आकडे वाया जातात. शिशाच्या काचेचा चष्मा घेताना बाजूंनाही काच आहे का आणि गालापाशी फट किती राहते, हे तोंडावर लावून पाहायला हवं. सर्जन पडद्याकडे मान वळवून पाहत असतात आणि किरण पेशंटकडून, म्हणजे खालून आणि बाजूनं येत असतात. निव्वळ समोरून जाड असलेला चष्मा ते सोडून भलत्याच दिशेला आडोसा धरतो. पडदा टेबलाच्या पलीकडे, पेशंटकडे पाहता पाहताच दिसेल अशा जागी ठेवला, तर त्याच चष्म्याचा उपयोग वाढतो आणि मानही अवघडत नाही.